फौजेतून कंपनीच्या ॲडमिनमध्ये: रिक्रूटरला पहिलं पत्र कसं लिहावं

कन्नड तालुक्यातले एक लेफ्टनंट कर्नल गेल्या जूनमध्ये माझ्या छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या ऑफिसात आले. इथल्याच एसपीआयमधून एनडीएला गेलेले, इन्फंट्रीत एकतीस वर्षं काढून चोपन्नाव्या वर्षी निवृत्त झालेले. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात एकाच पत्राच्या चाळीसेक प्रती. चार महिन्यांत त्यांना तीन फोन आले होते आणि तिन्ही सिक्युरिटी ऑफिसरच्या जागेसाठी. "मॅडम, मी इन्फंट्रीतला म्हणून सगळ्यांना मी गेटवरच दिसतो का?" असं त्यांनी विचारलं. पत्र वाचल्यावर मला म्हणावं लागलं की हो साहेब, ह्या पत्रात तुम्ही गेटवरच उभे आहात.

मी आधी वाळूजच्या एका कारखान्यात एच.आर.मध्ये होते, आता कंपन्यांना माणसं शोधून देते. निवृत्त अधिकाऱ्यांची पत्रं मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत. बहुतेक पत्रं त्याच दोन-तीन ठिकाणी अडखळतात, आणि ती ठिकाणं दुरुस्त करता येतात. कर्नलसाहेबांचं पत्र आम्ही तीन बैठकांत बसवलं. ते कसं, ते सगळं खाली सांगते.

आधी पत्र कुणाकडे जातंय ते बघा

रिक्रूटर दोन प्रकारचे. एक कंपनीच्या पगारावरचा एच.आर.वाला आणि दुसरा माझ्यासारखा बाहेरचा कन्सल्टंट. बाहेरच्याला फी कंपनी देते आणि ती बहुधा उमेदवाराच्या वार्षिक पॅकेजच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याच्या पगाराएवढी असते. उमेदवाराकडून रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, फाइल चार्जेस असं काहीही मागणारा भेटला तर चहासुद्धा न घेता उठा. फौजी माणसाला ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनचे पैसे नुकतेच मिळालेले असतात, हे अशा लोकांना चांगलं ठाऊक असतं.

कोणताही रिक्रूटर तुमचं पत्र वाचताना मनात एक रिकामी जागा धरून वाचतो. त्याच्यासमोर कंपनीचं मागणीपत्र असतं, त्यात पाच-सात कामं लिहिलेली असतात, आणि ह्यातली कोणती कामं ह्या माणसाने केली आहेत एवढंच त्याला शोधायचं असतं. म्हणून एकच पत्र चाळीस ठिकाणी पाठवून उपयोग नाही. मागणीपत्र मिळवा. जाहिरातीत नसेल तर फोन करून विचारा, "ॲडमिनखाली कॅन्टीन आणि बसेस येतात का, की त्या एच.आर.कडे आहेत?" असा प्रश्न विचारणारा माणूस रिक्रूटरच्या लक्षात राहतो.

ॲडमिनच्या खुर्चीत काय काय येतं

"ॲडमिनिस्ट्रेशन" म्हटलं की फौजी माणसाला ॲडज्युटंट आठवतो, क्वार्टरमास्टर आठवतो. कारखान्यातला ॲडमिन मॅनेजर ह्या दोघांच्या मधला असतो, आणि त्याच्याकडे हुकूम कमी, ठेकेदार जास्त.

आमच्यासमोर जे मागणीपत्र होतं ते वाळूजच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचं. तीन शिफ्ट, कायम आणि ठेक्यावरचे मिळून अकराशे माणसं, शहरातून ने-आण करणाऱ्या बावीस बस, एक कॅन्टीन, हाउसकीपिंग, सिक्युरिटी एजन्सी, बागकाम, गेस्ट हाउस, आणि उन्हाळ्यात पाण्याचे टँकर. पाण्याचं कलम आपल्याकडे नुसतं नावापुरतं नसतं. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच उन्हाळ्यात इथल्या कारखान्यांच्या पाण्यालाही कात्री लागली होती. तेव्हापासून इथल्या ॲडमिनवाल्याला टँकरवाल्यांचे नंबर तोंडपाठ असतात.

पण ह्या खुर्चीतलं सर्वांत नाजूक काम बाहेरच्या माणसाला दिसत नाही. ते म्हणजे ठेकेदाराचं बिल पास करणं. दर महिन्याला हाउसकीपिंगवाला बिल आणतो. त्यावर सही करण्याआधी त्याचं हजेरीपत्रक, पगार बँकेत जमा झाल्याचा पुरावा, आणि पीएफ व ईएसआयसीची चलनं बघावी लागतात. ही रक्कम पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायची असते. ठेकेदाराने ती बुडवली तर कामगारांचा वाली कंपनीच ठरते आणि वसुली तिच्याकडून होते. चलनावरची डोकी आणि गेटवरच्या हजेरीतली डोकी जुळतात का, हे ताडणारी नजर कंपनीला हवी असते. तशीच दुसरी तारीख आगीची. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली लायसन्सधारक एजन्सीकडून तपासणी करून जानेवारी आणि जुलैमध्ये "फॉर्म बी" द्यावा लागतो, आणि तो चुकला तर मान ॲडमिनची.

कर्नलसाहेबांना हे सांगितल्यावर ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे पीएफचं मी कधी केलं नाही. पण डोकी जुळवणं केलंय. कॉन्झर्व्हन्सीच्या ठेक्यात रोज सकाळी तेच तं काम होतं."

इथेच पत्राचा धागा सापडला.

गेल्या दहा वर्षांचं पोस्टिंग कागदावर उतरवा

पत्राला हात लावण्याआधी एक कोरा कागद घ्या. शेवटच्या दहा वर्षांतलं प्रत्येक पोस्टिंग एका ओळीत लिहा आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी मांडा: किती माणसं, किती जागा किंवा वाहनं, वर्षाला किती पैसा, आणि तुम्ही आलात तेव्हाची व गेलात तेव्हाची स्थिती. हुद्दा, पदकं, कोर्स ह्या कागदावर नको. ते बायोडेटात जातील.

कर्नलसाहेबांनी सुरुवातीला फील्डच्या पोस्टिंगवर दोन पानं भरली आणि स्टेशन हेडक्वार्टर्समधल्या पावणेतीन वर्षांना एक ओळ दिली. मी म्हटलं, उलटं करा. फील्डमधलं ठिकाण, युनिटची संख्या, तैनाती ह्यातलं काही पत्रात यायलाच नको. गोपनीयतेचं बंधन निवृत्तीनंतरही सुटत नाही, आणि कंपनीला त्याचा उपयोगही नसतो. शांत स्टेशनवरचं नागरी स्वरूपाचं काम, तेही गोल आकड्यांत, एवढंच पुरे.

मग हळूहळू माहिती निघायला लागली. ५४० फॅमिली क्वार्टर्सचं वाटप. शाळेच्या नऊ बसेस. गेस्ट रूम. कचरा उचलणं, नाल्या, गवत कापणं ह्यासाठी ९० ठेका कामगार. "आणि वर्षाला चार कोटींचे ठेके," असं ते म्हणाले.

मी तिथेच कागदावर हिशोब केला. ९० माणसं, महिन्याला माणशी साधारण अठरा हजारांचा खर्च, बारा महिने: एक कोटी चौऱ्याण्णव लाख. गेस्ट रूमची देखभाल, धुलाई, किरकोळ कामं धरली तरी अडीच कोटींच्या पुढे जाईना. बाकीचे कुठले? विचारल्यावर कळलं की त्यांनी एमईएसची, म्हणजे सैन्याच्या बांधकाम-देखभाल विभागाची, कामंही धरली होती. क्वार्टर्सची डागडुजी, पाणीपुरवठा, वीज हे सगळं एमईएस करते, ठेकेही तीच देते. स्टेशन हेडक्वार्टर्स प्राधान्य ठरवतं, पाठपुरावा करतं. खर्चाचा हात त्यांचा नव्हता.

आकडा चार कोटींवरून दोन कोटी चाळीस लाखांवर आला तेव्हा साहेबांचा चेहरा उतरला. पण आजकाल बऱ्याच कंपन्यांच्या पॅनेलवर एखादा माजी फौजी असतो, आणि "पाणीपुरवठा तुम्ही चालवत होता का एमईएस?" हा त्याचा पहिला प्रश्न असतो. माजी फौजी नसला तरी एखादा अकाउंट्सवाला मी केला तोच गुणाकार मनातल्या मनात करतो. जो आकडा तुम्हाला तोंडी उलगडून सांगता येत नाही, तो खोडा.

चौथा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो. "स्थिती सुधारली" असं सगळेच लिहितात. मी विचारलं, कशावरून? त्यांना आठवलं की कचऱ्याच्या तक्रारींचं रजिस्टर होतं. ते आले तेव्हा महिन्याला चाळीसच्या आसपास तक्रारी. त्यांनी दोन ट्रॅक्टरचा मार्ग बदलला, लांबच्या टोकाचे क्वार्टर्स आधी घेतले आणि उचल सकाळी आठच्या आत आणली. वर्षभरात तक्रारी दहाच्या खाली आल्या. ऑडिटच्या अकरा हरकती होत्या, त्यातल्या नऊ मिटल्या, दोन ते निघाले तेव्हाही उघड्याच होत्या. "दोन राहिल्या हे लिहू नका ना," असं ते म्हणाले. मी म्हटलं, लिहू. अकरापैकी अकरा मिटल्या असं लिहिलेलं वाचून ऑडिट पाहिलेला माणूस हसतो.

पहिला मसुदा आणि त्याची चिरफाड

त्यांच्या जुन्या पत्राची सुरुवात अशी होती:

"मी भारतीय सैन्यात ३१ वर्षे नेतृत्व केले असून शिस्त, निष्ठा, वक्तशीरपणा व दबावाखाली काम करण्याची क्षमता माझ्या अंगी बाणलेली आहे. मी कंपनी कमांडर म्हणून व बटालियन स्तरावर जबाबदारी सांभाळली आहे. तरी आपल्या नामांकित संस्थेत माझ्या अनुभवास साजेसे पद मिळावे ही विनंती."

पहिलं वाक्य घ्या. शिस्त आणि वक्तशीरपणा तुमच्यात असणार हे वाचणाऱ्याने "कर्नल" वाचताच गृहीत धरलेलं असतं. ते पुन्हा सांगण्यात पत्राची सर्वांत मोलाची जागा जाते. शिवाय "शिस्त" हा शब्द एच.आर.ला जरा घाबरवतोही. कॅन्टीनच्या भाजीवरून युनियनचा माणूस तावातावाने आला तर हे साहेब त्याला सावधानमध्ये उभं करतील की काय, अशी शंका येते. ती शंका तुम्ही लढणाऱ्या शाखेतले असाल तर दुप्पट येते. नागरी कामगार, ठेकेदार, सैनिकांच्या घरच्या बायका ह्यांच्याशी तुम्ही कसं जमवलं हे एका ठोस प्रसंगातून आलं तरच ती जाते.

दुसऱ्या वाक्यातली "कंपनी". माझ्या जुन्या ऑफिसातल्या एका नव्या मुलीने असंच एक पत्र वाचून मला विचारलं होतं, "मॅडम, ह्यांनी आधी कोणती कंपनी चालवली?" फौजेतली कंपनी म्हणजे शंभरेक जवानांची तुकडी, हे तिला कोण सांगणार? ॲडज्युटंट, क्यूएम, एलएओ, सीएफए ही सगळी अक्षरं तशीच. एलएओचं ऑडिट म्हणजे "सरकारी लेखापरीक्षण", सीएफए म्हणजे "खर्चाला मंजुरी देणारा अधिकारी". जेम पोर्टलवरून खरेदी केली असेल तर ते मात्र नावानेच लिहा, कंपन्या ते ओळखतात. फक्त एक फरक ध्यानात ठेवा. सरकारी खरेदीत सर्वांत कमी दराला काम देऊन मोकळं होता येतं. कंपनीत तिथून घासाघीस सुरू होते, आणि मुलाखतीत त्याबद्दल विचारतात.

तिसरं वाक्य तर पत्राचा घातच करतं. "अनुभवास साजेसे पद" म्हणजे काय ते वाचणाऱ्याने ठरवायचं, आणि तो ठरवतो सिक्युरिटी. पदाचं नाव मागणीपत्रात आहे तेच पहिल्या ओळीत लिहा.

नावाचंही एक सांगते. "लेफ्टनंट कर्नल (निवृत्त) अमुक" असं न लिहिता "लेफ्टनंट कर्नल अमुक (निवृत्त)" असं लिहायचं. माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही, ही फौजेचीच रीत आहे. पत्रात हुद्दा एकदा, सहीखाली. ई-मेल आयडीत "कर्नल" नको.

पत्र

कंपनीला हे इंग्रजीतून गेलं. पण आम्ही आधी मराठीत लिहिलं, आणि मी सगळ्यांना तेच सांगते. इंग्रजीत फौजी पत्राचे ठरलेले शब्द आपोआप हाताखाली येतात. मराठीत लिहिताना माणूस काय केलं ते सांगतो. शेवटी ठरलेला मजकूर असा:

> विषय: मॅनेजर, ॲडमिनिस्ट्रेशन (वाळूज प्लांट) या जागेसाठी अर्ज
>
> महोदय,
>
> आपल्या वाळूज प्लांटच्या ॲडमिनिस्ट्रेशन मॅनेजर पदासाठी मी अर्ज करत आहे. आपल्या मागणीपत्रातील कर्मचारी वाहतूक, हाउसकीपिंग, गेस्ट हाउस आणि ठेकेदारांवर देखरेख ही कामं मी सैन्यातील शेवटच्या काळात, एका स्टेशन मुख्यालयात, पावणेतीन वर्षं केली आहेत.
>
> तिथे माझ्याकडे ५४० निवासस्थानांचं वाटप, शाळेच्या ९ बसचं वेळापत्रक, अतिथिगृह आणि स्वच्छतेच्या ठेक्यावरील सुमारे ९० नागरी कामगार होते. या कामांचे वार्षिक ठेके साधारण २ कोटी ४० लाखांचे होते. निविदा, रोजची हजेरी पडताळणी आणि बिलांची शिफारस माझ्याकडे होती. इमारती, पाणी व वीज यांची देखभाल दुसऱ्या विभागाकडे असून माझं काम समन्वयाचं होतं.
>
> मी रुजू झालो तेव्हा कचरा उचलण्याबाबत महिन्याला सुमारे ४० तक्रारी येत. कुटुंबांशी आणि कामगारांच्या मुकादमाशी बोलून मार्ग व वेळ बदलल्यावर, माणसं न वाढवता, वर्षभरात त्या १० च्या खाली आल्या. सरकारी लेखापरीक्षणाच्या ११ प्रलंबित हरकतींपैकी ९ माझ्या काळात निकाली निघाल्या.
>
> ठेकेदारांच्या पीएफ व ईएसआयसी पडताळणीचं काम मी प्रत्यक्ष केलेलं नाही. त्यासाठी गेले सहा आठवडे मी एका लेबर लॉ सल्लागाराकडे बसून मासिक बिलांची तपासणी शिकत आहे. औद्योगिक कॅन्टीनचाही अनुभव नाही. सैनिकी मेसचा आहे.
>
> माझं घर छत्रपती संभाजीनगरमध्ये असून मी येथेच स्थायिक आहे. पहिलं वर्ष मुदतीच्या करारावर काम करण्यास माझी तयारी आहे. पुढच्या आठवड्यात आपल्या सोयीने प्लांटवर येऊन भेटू शकेन.
>
> आपला,
> लेफ्टनंट कर्नल ……… (निवृत्त)
> मोबाइल: ………

एवढंच. एका पानात बसतं.

चौथ्या परिच्छेदावरून आमची चांगलीच जुंपली. "मॅडम, जे येत नाही ते आपण होऊन सांगायचं? हे तं शत्रूला नकाशा देण्यासारखं झालं." पण फौजी माणसाला पीएफ-ईएसआयसी येत नसणार, हे रिक्रूटर आधीच धरून बसलेला असतो. तुम्ही लिहिलं नाही तर तो विचारणारही नाही, अर्ज नुसता बाजूला ठेवेल. लिहिलं, आणि त्यावर काय करताय तेही लिहिलं, तर मुलाखतीला त्याच्यापाशी एक प्रश्न तयार होतो. अट एकच, की ते खरं असलं पाहिजे. कर्नलसाहेब खरोखरच क्रांती चौकाजवळच्या एका सल्लागाराकडे सकाळी दोन तास जाऊन बसत होते. डीजीआरच्या पुनर्वसन कोर्सचं सर्टिफिकेट त्यांच्याकडे होतंच, ते बायोडेटात गेलं. पण खऱ्या चलनावरून बोट फिरवलेलं असणं वेगळं. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्यामुळे जुने ॲडमिनवालेही सध्या नव्याने शिकतच आहेत. नवख्या माणसाला आत शिरायला ही बरी वेळ आहे.

"येथेच स्थायिक" ही ओळ साधी दिसते, पण आपल्या भागात तिला वजन आहे. पुण्या-मुंबईहून आणलेला मॅनेजर दीड-दोन वर्षांत घराजवळची नोकरी मिळाली की निघून जातो, हा मी पाहिलेला इथला नेहमीचा अनुभव. तुमचं घर इथे आहे, आईवडील गावी आहेत, तर ते एका ओळीत येऊ द्या. शेतीचं मात्र लिहू नका, पेरणीत सुट्या मागेल असं वाटतं.

कराराची ओळ वयासाठी आहे. चोपन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाच्या पुढ्यात, अठ्ठावन्नला निवृत्त करणाऱ्या कारखान्यात, चारच वर्षं उरतात. एच.आर. हे गणित करतंच. मुदतीचा करार चालेल असं तुम्हीच म्हटलंत की ते गणित सोपं होतं.

पत्रात काय येऊ द्यायचं नाही

शेवटचा पगार लिहू नका, पेन्शन तर नाहीच. पगार वाचून "परवडणार नाहीत" असं वाटतं, आणि पेन्शन वाचून "ह्यांना कमी दिलं तरी चालेल" असं. दोन्ही तुमच्या विरोधात जातं. फोनवर विचारलं तर एक पट्टा सांगा, आणि सीटीसी म्हणजे हातात पडणारी रक्कम नव्हे हे आधी समजून घ्या. कंपनीने भरायचा पीएफ आणि बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही त्यातच धरलेली असते.

एक कागद मात्र अर्ज करण्याआधीच तपासा. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात खासगी नोकरी धरायला वरच्या हुद्द्यांना सरकारची आगाऊ परवानगी लागते. तुमच्या हुद्द्याला ती लागते का, हे निवृत्तीच्या कागदांवरून किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून नक्की करा. ऑफर लेटर आल्यावर ह्यासाठी धावपळ झाली तर कंपनी थांबत नाही.

पाठवल्यावर

पत्र आणि बायोडेटा ह्यांची एकच पीडीएफ करा, फाइलच्या नावात तुमचं नाव आणि पद. सकाळी पाठवा. आठ दिवसांनी एक फोन करा, त्यानंतर अजून एक. तिसरा नको.

उत्तरांवरून पत्राचा दोष ओळखता येतो. सिक्युरिटीसाठीच फोन येत असतील तर पहिल्या परिच्छेदात पदाचं नाव आणि नागरी काम पुरेसं ठसठशीत नाही. "सर, आमच्याकडे तुमच्या लेव्हलची जागा नाही" असं कुणी म्हणालं तर पत्रात हुद्दा फार आणि काम कमी आहे. फोन येतो, बोलणं चांगलं होतं आणि पुढे काहीच होत नाही, असं दोनदा झालं तर बहुतेक वेळा एखादा आकडा तुम्हाला तोंडी नीट सांगता आलेला नसतो. आरशासमोर नव्हे, घरातल्या एखाद्या भाच्याला समोर बसवून ते दोन कोटी चाळीस लाख त्याला उलगडून सांगा. त्याला कळलं तर एच.आर.ला कळेल.

कर्नलसाहेबांना वाळूजहून नवव्या दिवशी फोन आला. पहिला प्रश्न ट्रॅक्टरच्या मार्गाबद्दल होता, कारण त्यांच्या बावीस बसपैकी चार रोज उशिरा पोचत होत्या. दुसरा प्रश्न पीएफच्या चलनाचा. तिथल्या मुलाखतीच्या तीन फेऱ्या अजून चालू आहेत, म्हणून आम्ही मधल्या काळात जालन्याच्या एका स्टील कारखान्यासाठी दुसरं पत्र तयार केलं. तिथे बस नाहीत. भंगाराचे ट्रक, वजनकाटा आणि परराज्यातल्या कामगारांच्या खोल्या आहेत. म्हणून बसची ओळ काढली, ५४० निवासस्थानांचं वाटप वर आणलं, आणि रेशनच्या गाड्या काट्यावर भरून-रिकाम्या तोलून घेण्याचं जुनं क्वार्टरमास्टरी काम, जे आधी कागदावरून खोडलं होतं, ते परत लिहिलं. "येथेच स्थायिक"च्या जागी "रोज ये-जा न करता आठवडाभर जालन्यात राहण्याची तयारी आहे" असं आलं. ते वाक्य लिहिण्याआधी साहेबांनी घरी फोन करून विचारून घेतलं.